खात्यातून पैसे गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत: काय तपासायचं, कुठे थांबायचं

सोलापुरात पूर्व भागात माझं रिचार्ज आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. आजूबाजूला गिरणीतून, यंत्रमागावरून आणि विडी कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी राहतात. आठवड्यातून चार-पाच जण तरी फोन हातात धरून येतात आणि एकच वाक्य बोलतात, "ताई, पैसे गेलेत, पण त्याला आले नाहीत म्हणतो." तोच घोळ इतक्या वेळा निस्तरला आहे, की आता तपासण्याचा क्रम ठरून गेलाय. तो इथे सावकाश लिहिते. फुकटात आणि घरबसल्या होणारं आधी आहे, बँकेत जायला लावणारं शेवटी.

आधी लक्षणं

तुमच्या फोनवर यांपैकी काय दिसतंय ते ओळखा.

पिन टाकला आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरतच राहिलं. किंवा चक्र थांबून पिवळ्या रंगात `Pending` अथवा `Processing` आलं. अॅप मराठीत असेल तर तिथे "प्रलंबित" किंवा "प्रक्रिया सुरू आहे" अशासारखे शब्द दिसतात.

दुसरं लक्षण असं, की अॅप `Failed` म्हणतं, पण बँकेचा मेसेज सांगतो की खात्यातून रक्कम वजा झाली.

तिसरं याच्या उलट. तुमच्या फोनवर हिरवी खूण आलेली असते, पण दुकानातला बोलका डबा गप्प असतो आणि दुकानदार म्हणतो, "आलं नाही, परत टाका."

चौथं नेहमीचं दुखणं. दर वेळी पैसे अडकतात, आज इथे, उद्या तिथे. तेव्हा दोष बहुतेक तुमच्याच फोनमध्ये असतो. ते तपासणी 4 मध्ये पाहू.

आणि तपासायला लागायच्या आधी एक गोष्ट. यांपैकी काहीही दिसलं तरी लगेच दुसऱ्यांदा पैसे टाकू नका. मागे रांग असो, दुकानदार घाई करो, तुम्हाला संकोच वाटो. माझ्याकडे येणाऱ्यांचं खरं नुकसान पहिल्या अडकलेल्या पैशांनी क्वचितच होतं. ते होतं त्यानंतरच्या दहा मिनिटांत घाबरून केलेल्या गोष्टींनी.

तपासणी 1: दोन मिनिटं हात लावू नका

याला खर्च काही नाही, आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

चक्र फिरत असताना मागे जायचं बटण दाबू नका, अॅप बंद करू नका, फोन बंद-चालू करू नका. पिन टाकल्यावर पुढे काय होतं ते समजलं, की थांबायला धीर येतो. तुमचा निरोप आधी अॅपकडून यूपीआयच्या मधल्या यंत्रणेकडे जातो. ती यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था चालवते. तिथून तुमच्या बँकेला सांगणं जातं की या खात्यातून इतके पैसे वजा करा. बँकेने हो म्हटलं की दुकानदाराच्या बँकेला सांगणं जातं की तिकडे जमा करा. तिकडून "जमा झालं" असं उत्तर आलं, की मग तुमच्या फोनवर हिरवी खूण उमटते. एवढ्या फेऱ्यांत एखादी बँक उत्तर द्यायला उशीर करते, तेव्हा पैसे वजा झालेले असतात आणि पोचल्याचं उत्तर मात्र आलेलं नसतं. यालाच `Pending` म्हणतात. पैसे हरवलेले नसतात, वाटेत असतात.

तुम्ही अॅप बंद केलंत म्हणून ते वाटेतून परत फिरत नाहीत. फक्त उत्तर आलेलं तुम्हाला दिसत नाही. म्हणून फोन काउंटरवर उताणा ठेवा आणि दोन मिनिटं जाऊ द्या.

तपासणी 2: बँकेचा मेसेज राहू दे, अॅपमधली नोंद वाचा

दोन मिनिटांनी अॅपमध्ये जुन्या व्यवहारांची यादी उघडा. तिथे `History` किंवा "व्यवहार" असं लिहिलेलं असतं. सर्वांत वरची नोंद आताची. तिच्यावर एकदा बोट ठेवा, म्हणजे पूर्ण पान उघडेल. तिथे तीनपैकी एक शब्द असेल.

`Success` असेल तर पैसे पोचले. पुन्हा द्यायचे नाहीत. तपासणी 3 करा.

`Failed` असेल तर हा व्यवहार संपला. पैसे वजा झालेच नसतील, किंवा झाले असतील तर परत येतील. आता पुन्हा पैसे द्यायला हरकत नाही, पण रोख असेल तर रोखच द्या. ज्या बँकेचं काम पाच मिनिटांपूर्वी अडखळत होतं, ते लगेच सुधारलं असेल असं नाही.

`Pending` असेल तर खरी गाठ इथे आहे. या शब्दाचा निकाल नंतर कुठलाही लागू शकतो. अर्ध्या तासाने `Success` होऊ शकतं, रात्री `Failed` होऊ शकतं. म्हणून या अवस्थेत फोनवरून दुसऱ्यांदा पैसे दिले, की दोन्ही रकमा पोचायची शक्यता राहते.

मग घरी कसं जायचं? मी सांगते ते असं. दुकानदार ओळखीचा असेल तर त्याला व्यवहाराचं पान दाखवा आणि "उद्या बघून सांगतो" म्हणून वहीत लिहून घ्यायला सांगा. ओळखीचा नसेल तर रोख द्या, पण त्याचा फोन नंबर घ्या आणि बिलामागे तारीख, वेळ आणि रक्कम त्याच्याच हाताने लिहून घ्या. फोनवरचे पैसे नंतर पोचले, तर तो कागद दाखवून रोख परत मागता येते. नव्या पेठेतले, लक्ष्मी मंडईतले व्यापारी असा कागद द्यायला नाही म्हणत नाहीत. त्यांच्याकडेही हे रोजचं आहे.

त्याच पानावर खाली `UTR` किंवा `UPI transaction ID` अशा नावाने बारा आकडी नंबर असतो. तो या व्यवहाराचा ओळख क्रमांक. पोस्टाच्या रजिस्टरची पावती जपतो तसा तो जपायचा. पानाचा फोटो काढता येत नसेल तर वहीत उतरवा. पुढे बँकेत कोणाशीही बोलताना पहिल्यांदा हाच नंबर विचारतात. हा नंबर सांगून कोणी तुमचे पैसे काढू शकत नाही, तेव्हा तो दुकानदाराला किंवा बँकेला सांगायला भ्यायचं कारण नाही.

तपासणी 3: दुकानदाराच्या बाजूने पाहा

तुमच्याकडे `Success` आहे आणि तो "आलं नाही" म्हणतोय, तर वाद घालू नका. तो बहुतेक खोटं बोलत नसतो. तो डब्याच्या आवाजाची वाट बघत असतो. त्या डब्याला स्वतःचं सिम असतं, स्वतःचं नेटवर्क लागतं, चार्जिंग लागतं. गड्ड्याच्या जत्रेत, जिथे एका वेळी हजारो फोन चालू असतात, तिथे डबा पाच-पाच मिनिटांनी बोलतो आणि कधी बोलतच नाही. पैसे मात्र खात्यात आलेले असतात. त्याला नम्रपणे सांगा, "दादा, डबा राहू द्या, तुमच्या फोनमध्ये बघा. शेवटचे चार आकडे हे आहेत." नंबर जुळला की विषय संपला.

तरीही त्याच्याकडे नोंद नसेल तर तुमच्या पानावर पैसे कोणाला गेले ते नाव वाचा. यूपीआयच्या नियमाप्रमाणे पैसे देताना समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसावं लागतं. दुकानाची पाटी एका नावाची आणि खातं मालकाच्या किंवा त्याच्या बायकोच्या नावावर, असं पुष्कळदा असतं, म्हणून नाव वेगळं दिसलं की लगेच दचकू नका. त्याला विचारा, "हे नाव तुमच्यातलं आहे का?" तो नाही म्हणाला, तर दोन शक्यता आहेत. तुम्ही फोनमधल्या यादीतल्या भलत्याच माणसाला पैसे पाठवलेत, किंवा त्याच्या भिंतीवरच्या क्यूआर कागदावर कोणीतरी स्वतःचा कागद चिकटवून गेलंय. दुसरी शक्यता असेल तर तो कागद त्याने तिथल्या तिथे काढायला हवा, कारण तुमच्या मागचा माणूस पण फसणार.

पैसे देण्याची सावकाश पद्धत

तपासण्या अर्ध्यावर ठेवून हे इथेच सांगते, कारण नावाचा मुद्दा आता निघाला आहे. माझ्याकडे येणाऱ्या काका-मावशींना मी ही पद्धत दहा रुपयांवर तीन-तीनदा करून दाखवते. मुलं-नातवंडं फोन हातातून घेतात आणि चार सेकंदांत करून परत देतात. त्यातून शिकायला काही मिळत नाही. फोन तुमच्याच हातात हवा.

पहिल्यांदा अॅप उघडा, काउंटरपाशी पोचायच्या आधी. रांगेत उभं राहून उघडलं तर घाई होते. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा, आणि फोनच्या सेटिंगमधून अक्षरं मोठी करून ठेवा. अक्षर लहान असल्यामुळे एक शून्य जास्त पडलेलं मी किती वेळा पाहिलंय.

मग अॅपमधलंच स्कॅनचं बटण दाबून कॅमेरा क्यूआरवर धरा, एक वीतभर अंतरावर. हलवू नका.

नाव आलं की थांबा आणि ते मोठ्याने वाचा. दुकानदाराला ऐकू जाऊ दे. तो हो म्हणाला की पुढे.

आता रक्कम टाका आणि तीही मोठ्याने वाचा. 340 असेल तर "तीनशे चाळीस". 3400 पडलं असेल तर वाचताना तुमच्या किंवा दुकानदाराच्या लक्षात येतंच.

त्यानंतर पिनचं पान येतं. पिन चार किंवा सहा आकडी असतो. त्या पानावर वर रक्कम आणि नाव पुन्हा लिहिलेलं असतं, ते बघा. दुसऱ्या हाताने आडोसा करा आणि पिन टाका. पिन टाकून बरोबरची खूण दाबली, की ती तुमची सही झाली. त्यानंतर मधूनच थांबवता येत नाही.

पिनचा अर्थ नीट लक्षात घ्या. तो लागतो पैसे द्यायला, आणि खात्यातली शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. अडकलेले पैसे परत यायलाही लागत नाही. कोणी म्हणालं, "पैसे परत घ्यायचे असतील तर पिन टाका," तर समजायचं की पिन टाकल्यावर तुमच्या खात्यातून आणखी पैसे जाणार आहेत.

तपासणी 4: दर वेळीच अडकत असेल तर तुमचा फोन

एकदा अडकलं तर बँकेकडे बोट दाखवता येतं. आठवड्यात तीनदा अडकलं तर फोन बघायचा.

आधी इंटरनेट. जुन्या वाड्यांत, तळघरातल्या दुकानांत नेटवर्क एक काडी असतं. दारात येऊन करून पाहा. चालू झालं तर दोष सापडला.

मग सिम. यूपीआय तुमच्या बँकेत नोंदलेल्या नंबरच्या सिमला बांधलेलं असतं. सिम काढून दुसऱ्या खाच्यात घातलं किंवा फोन बदलला, की अॅप पुन्हा ओळख पटवायला सांगतं. त्यासाठी ते तुमच्या सिमवरून एक मेसेज आपोआप पाठवतं. रिचार्ज संपलेलं असेल तर तो मेसेज जातच नाही. घरच्या वायफायवर व्हॉट्सअॅप व्यवस्थित चालत असतं, त्यामुळे रिचार्ज संपल्याचं लक्षात येत नाही. दोन सिम असलेल्या फोनमध्ये मेसेज भलत्याच सिमवरून गेला तरी नोंदणी अडते. माझ्याकडे "अॅप बिघडलंय" म्हणून येणाऱ्या बऱ्याच फोनांत दोष हाच निघतो.

नवीन फोन घेतल्यावर पहिले 24 तास मोठी रक्कम जात नाही. साधारण पाच हजारांपर्यंतच जाते. हा बिघाड नाही, चोराने तुमचं सिम घेऊन दुसऱ्या फोनवर अॅप सुरू केलं तर खातं रिकामं होऊ नये म्हणून ठेवलेला अडसर आहे. दवाखान्याचं बिल भरायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

पिन तीनदा चुकला तर बहुतेक बँका त्या दिवसापुरता पिन बंद करतात. मग चौथ्यांदा, पाचव्यांदा प्रयत्न करून उपयोग नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा किंवा अॅपमधून नवा पिन करा. नवा पिन करायला डेबिट कार्ड किंवा आधार आणि मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. हे काम घरी बसून, स्वतः किंवा सख्ख्या माणसाबरोबर करा. माझ्या दुकानातही मी कोणाचा पिन करून देत नाही. मी तोंड फिरवून उभी राहते.

अप्पांचे तीनशे चाळीस रुपये

आता एक प्रकरण सुरुवातीपासून सांगते. पुढची तपासणी आणि त्यानंतर कुठे थांबायचं ते त्यातूनच नीट कळेल.

माझ्या गल्लीत एक अप्पा राहतात, वय बहात्तर. शनिवारी संध्याकाळी पावणेसातला त्यांनी शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं पाकीट घेतलं, बिल 340 रुपये. स्कॅन केलं, पिन टाकला, चक्र फिरायला लागलं. दहा सेकंदांत त्यांनी अॅप बंद केलं. बँकेचा मेसेज आला, 340 वजा. डबा बोलला नाही. दुकानात गर्दी होती, अप्पांनी पुन्हा स्कॅन केलं. या वेळी लगेच हिरवी खूण आली, डबाही बोलला. अप्पा घरी गेले ते 680 रुपये गेल्याच्या काळजीत.

रविवारी सकाळी त्यांनी फोनवर अॅपचं नाव लिहून "कस्टमर केअर नंबर" असं शोधलं. वर आलेल्या पहिल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. अप्पांना "बाबा" म्हणत होता. म्हणाला, तुमचे पैसे आमच्याकडे अडकलेत, एक छोटं अॅप घ्या, मी इथून बघतो. ते अॅप म्हणजे अप्पांच्या फोनची स्क्रीन त्याला तिकडे दिसावी म्हणून होतं. ते घेतलं गेलं. मग तो म्हणाला, आता 340 परत घेण्यासाठी पिन टाका. अप्पांना पिनचं पान सापडेना, म्हणून फोन चालू ठेवूनच ते माझ्या दुकानात आले. हे नशीब.

मी आधी फोन कापला. मग फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे इंटरनेट आणि सिम दोन्ही बंद होतात आणि स्क्रीन पलीकडे दिसायची थांबते. ते अॅप काढून टाकलं. अप्पांनी पिन अजून टाकला नव्हता, तरी नवा करायला लावला, आणि सोमवारी शाखेत जाऊन घडलेलं सांगून यायला सांगितलं. पैसे काही गेले नव्हते.

मग शांतपणे व्यवहारांची यादी उघडली. शनिवारच्या दोन नोंदी होत्या. दुसरी `Success`, पहिली आता `Failed` झालेली. म्हणजे पहिले 340 रुपये परत यायचेच होते. ते मंगळवारी खात्यात जमा झाले. अप्पांनी कोणालाही फोन केला नसता, तरी मंगळवारीच आले असते.

तपासणी 5: किती दिवस वाट पाहायची, आणि तक्रार कुठे

याला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 2019 सालापासून. दुकानदाराला दिलेले पैसे वजा झाले पण त्याला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. माणसाने माणसाला पाठवलेले आणि जमा न झालेले पैसे दुसऱ्या दिवशीपर्यंत परत यायला हवेत. दिवस सुट्टीसकट मोजायचे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची, तीही न मागता. अप्पांचे पैसे तिसऱ्या दिवशी आले, म्हणजे नियमात बसले.

छोट्या दुकानदारांतले काही जण स्वतःच्या साध्या खात्याचा क्यूआर लावतात, त्यामुळे तुमचा व्यवहार कुठल्या प्रकारात मोडतो ते बाहेरून कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना पाच दिवस धरायला सांगते. बँकेचा मेसेज आला नाही तरी पासबुक भरून आणा. परत आलेल्या रकमेचा मेसेज कधी कधी येतच नाही, आणि पासबुकात मात्र नोंद असते.

वाट पाहताना तक्रार नोंदवून ठेवायला हरकत नाही. ती त्याच व्यवहाराच्या पानावरून करायची. तुमच्या नोंदीवर बोट ठेवा, पान खाली सरकवा, तिथे मदत किंवा तक्रारीचं बटण असतं. तिथून केलेल्या तक्रारीला तुमचा बारा आकडी नंबर आपोआप जोडला जातो आणि तुम्हाला तक्रार क्रमांक मिळतो. तो वहीत लिहा.

फोनच करायचा असेल तर नंबर तुमच्या डेबिट कार्डाच्या मागे छापलेला आहे, पासबुकावर आहे. तोच लावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर कोणाचा आहे ते तुम्हाला आणि मला दोघांनाही ओळखता येत नाही. फसवणारे लोक असे नंबर मुद्दाम वर दिसतील असे टाकून ठेवतात, कारण पैसे अडकलेला माणूस तो शोधणार हे त्यांना माहीत असतं.

इथे थांबा, आणि जाणत्याकडे जा

पाच दिवस उलटले, नोंद अजून `Pending` आहे किंवा `Failed` असूनही पैसे आलेले नाहीत, तर फोनशी झटणं बंद करा आणि शाखेत जा. माझ्यासारख्या दुकानदाराला इथून पुढे काही करता येत नाही, आणि "मी काढून देतो, शंभर रुपये द्या" म्हणणाऱ्यालाही येत नाही. सोबत पासबुक भरून न्या, बारा आकडी नंबर, व्यवहाराची तारीख-वेळ आणि अॅपचा तक्रार क्रमांक न्या. तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एकीवर शिक्का-तारीख घ्या. त्या तारखेपासून 30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. ही शिक्क्याची प्रत तिथेच लागते.

चुकून भलत्याच माणसाला पैसे गेले असतील तर पाच दिवस थांबू नका. ते आपोआप परत येत नाहीत, कारण यंत्रणेच्या दृष्टीने व्यवहार नीट पूर्ण झालेला असतो. त्याच दिवशी अॅपमधून तक्रार करा आणि शाखेत कळवा. बँक समोरच्या बँकेमार्फत त्या माणसाला विचारते. तो तयार झाला तर पैसे येतात.

आणि कोणाला पिन किंवा ओटीपी सांगितला गेला असेल, स्क्रीन दाखवणारं अॅप घेतलं गेलं असेल, किंवा तुम्ही न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला असेल, तर वरच्या सगळ्या तपासण्या सोडून द्या. ताबडतोब 1930 लावा. हा सायबर फसवणुकीसाठी सरकारचा नंबर आहे. चोरलेला पैसा काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतात. तो शेवटी रोख काढला जायच्या आत कळवलं, तर मधल्या खात्यात तो गोठवता येतो. म्हणून मुलगा पुण्याहून संध्याकाळी फोन करेल, मग त्याला विचारू, असं थांबू नका. त्याच फोनवर ते अॅप असेल तर शेजाऱ्याच्या फोनवरून 1930 लावा आणि तुमचा फोन विमान मोडवरच राहू द्या. मग कार्डामागच्या नंबरवर फोन करून खात्यावरचं यूपीआय बंद करायला सांगा. 1930 वरून मिळालेला तक्रार क्रमांक घेऊन शाखेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. `cybercrime.gov.in` वर तक्रार पूर्ण भरायची असते. ती भरता येत नसेल तर घरातल्या माणसाला घेऊन या, माझ्या दुकानात बसून आपण भरू. त्याचे पैसे मी घेत नाही.